आकडा चुकला म्हणता, मग नावं कुठं आहेत?

घरकुलाची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली की सरपंचांचं पत्र पंचायत समितीत जातं. मजकूर ठरलेला: "आमच्या गावाची कुटुंबसंख्या चुकीची दर्शविली आहे, तरी दुरुस्ती व्हावी." खाली सही, शिक्का. आता सांगा मंडळी, गटविकास अधिकाऱ्यानं यावर करायचं काय? कोणतं कुटुंब सुटलं ते पत्रात नाहीच.

मुळात घर वेगळं आणि कुटुंब वेगळं. ग्रामपंचायतीचा नमुना आठ घर मोजतो, कारण त्याला कर वसूल करायचा असतो. 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात मात्र एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब धरलं होतं.

एक घर समजा. बाप वारला, तीन भावांनी मधे भिंती घातल्या, चुली तीन झाल्या. नमुना आठवर अजून बापाचंच नाव, घर क्रमांक एकच. रेशनकार्डं दोन, कारण धाकटा थोरल्याच्याच कार्डावर आहे. रोहयोची जॉबकार्डं तीन. म्हणजे दप्तर बदललं की याच घरात एक, दोन किंवा तीन कुटुंबं निघतात. गावात अशी वीस घरं असली तर चाळीस कुटुंबांचा फरक पडतो, आणि कोणी खोटं बोललेलं नसतं.

म्हणून पत्राला घरनिहाय तक्ता हवा. घर क्रमांक, प्रत्येक चुलीच्या कुटुंबप्रमुखाचं नाव, रेशनकार्ड, जॉबकार्ड आणि यादीत कोणाचं नाव आलं ते. सोबत ग्रामसभेचा ठराव. मासिक सभेचा जोडून भागत नाही, कारण यादीची पडताळणी हे ग्रामसभेचं काम आहे.

आणखी एक, जे सरपंच लोकांना सहसा सांगत नाहीत. अपात्र नाव कारण लिहून वगळता येतं, पण ज्याचा सर्वेच झाला नाही त्याचं नाव नुसत्या पत्रानं यादीत शिरत नाही. 2018 चा आवास प्लस सर्वे आणि 2024 नंतरचा नवा सर्वे त्याचसाठी झाले. त्यामुळे सर्वे झालेला पण यादीत न दिसणारा धाकटा भाऊ आणि सर्वेच न झालेला मधला, यांची मागणी पत्रात वेगवेगळी लिहायला हवी. एकत्र लिहिली की दोघंही लटकतात.

दोनदा मोजलेली नावंही त्याच पत्रात यावीत. गोसीखुर्दमुळे उठलेल्या गावांत जुनं गावठाण आणि पुनर्वसन गावठाण अशा दोन्हीकडं एकच कुटुंब लागू शकतं. पण मतं जातील म्हणून ते कोण लिहितो!

पत्र दिलं की आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या, भाऊ. त्या पोचेची प्रत यादीशेजारी भिंतीवर लावा, म्हणजे धाकट्यालाही वाचता येईल की आपलं नाव त्यात आहे की नाही.