विमानातील आसनाचा भाव

भाव बदलतो म्हणून गिऱ्हाईक रागावते, असे पुष्कळजण समजतात. मला ते पटत नाही. आपल्या कलघटगीच्या आठवडी बाजारात टोमॅटोचा सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही, पण म्हणून कोणी विकणारणीशी वैर धरीत नाही. उन्हे उतरली, माल मऊ पडला, तिला घर गाठायची घाई आहे, हे सारे डोळ्यांसमोर घडत असते. मग हुबळीहून बेंगळूरला जाणाऱ्या विमानाचे तिकीट काल तीन हजार होते आणि आज साडेसात हजार झाले की तोच मनुष्य ‘लूट’ हा शब्द का उच्चारतो?

आधी हा भाव ठरतो कसा ते पाहू. विमान उडाले की रिकामे आसन कायमचे वाया गेले. त्यातून प्रवासी दोन तऱ्हेचे. सुटीला जाणारा महिनाभर आधी तिकीट काढतो, पण स्वस्त असेल तरच. मुलाखतीला किंवा आजारी माणसाला भेटायला जाणारा शेवटच्या दोन दिवसांत येतो आणि मागतील ते देतो. स्वस्तवाले आधी आणि महागवाले मागून, इथेच कंपनीची खरी पंचाईत आहे. या मागून येणाऱ्यांसाठी किती आसने राखून ठेवायची?

1972 साली बी.ओ.ए.सी. या ब्रिटिश कंपनीतील केन लिटलवूड यांनी याचा एक सोपा नियम मांडला. तो आपण कल्पित आकड्यांनी करून पाहू. विमानात 70 आसने आहेत. आधीचा दर 3000 आणि शेवटचा 7500 रुपये. मागच्या 100 दिवसांची नोंद सांगते की, शेवटच्या घटकेला 20 किंवा अधिक प्रवासी 48 दिवशी आले, आणि 21 किंवा अधिक 37 दिवशी. म्हणजे राखून ठेवलेल्या विसाव्या आसनाची किंमत सरासरीने 7500 च्या शेकडा 48, म्हणजे 3600 रुपये. आज मिळणाऱ्या 3000 पेक्षा ती जास्त, म्हणून ते आसन राखावे. एकविसाव्याची किंमत 2775 भरते. ते आजच विकून टाकावे. तेव्हा 20 राखली, 50 स्वस्तात काढली. प्रत्यक्षात दोनच्या जागी दहाबारा पायऱ्या असतात आणि हा हिशेब यंत्र रोज नव्याने करते.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट कळते. स्वस्त पायरीवर दोनच आसने उरली असता आपण चौघांची तिकिटे एकदम मागितली, तर पुष्कळदा चौघांनाही वरच्या पायरीचा दर लागतो. तेव्हा आधी एकट्याचा दर विचारून पाहावा. फरक दिसला तर दोघादोघांची काढावीत.

आता रागाकडे वळू. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी कानेमन, नेट्श आणि थेलर या अभ्यासकांनी कॅनडातील लोकांना दूरध्वनीवरून विचारले: बर्फाचे वादळ झाल्यावर सकाळी दुकानदाराने 15 डॉलरचे फावडे 20 ला विकले, हे योग्य काय? शेकडा 82 लोकांनी अन्याय म्हटले. मागणी वाढली की भाव चढतो हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. दुकानदाराचा खर्च न वाढता आपली अडचण पाहून भाव चढला, हे त्यांना बोचले. विमानाच्या गिऱ्हाइकाचेही तसेच आहे. त्याला पायऱ्या दिसत नाहीत, म्हणून आपली गरज ओळखूनच भाव वाढवला असा त्याचा ग्रह होतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, या पायरीवर किती आसने उरली आणि पुढचा दर काय, हे तिकिटाबरोबर दाखवावे. पण एवढ्याने राग पुरता निवेल असे मात्र नाही. सप्टेंबर 2016 मध्ये रेल्वेने राजधानी, शताब्दी, दुरांतो गाड्यांसाठी नियम उघड सांगितला होता: दर दहा टक्के जागा भरल्या की भाडे दहा टक्क्यांनी वाढेल, दीडपटीपर्यंत. तरी लोक कुरकुरलेच, आणि 2018 साली काही गाड्यांतून ती पद्धत मागे घ्यावी लागली. कारण जागा भरतील तसे भाडे चढतच जाई. संध्याकाळच्या टोमॅटोसारखे ते स्वस्त झाले असते तर लोकांनी ते सोसले असते.

काहीजण म्हणतात, सरकारने कमाल दर बांधून द्यावा. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणे कोलमडली आणि इतर तिकिटे भडकली, तेव्हा सरकारने 500 किलोमीटरपर्यंत 7500 रुपयांची मर्यादा घातली. ते योग्यच झाले. तशा प्रसंगी विमाने वाढवता येत नाहीत आणि अडलेल्या माणसाला दुसरा मार्ग नसतो. पण कायमची मर्यादा हवी असेल तर वरचाच हिशेब पुन्हा करून पाहा. शेवटचा दर 7500 ऐवजी 4500 केला, तर विसाव्या आसनाची किंमत 2160 होते. ते कोणी राखणार नाही, ते महिनाभर आधीच सुटीवाल्याला जाईल. मग ज्याला उद्या सकाळी आजारी आईकडे पोहोचायचे आहे, त्याच्यासाठी दर 4500 असेल, पण विमानात जागा नसेल.