फाँट बदलला, मात्रा बदलली: अनुवादित सल्ल्यातील आकडे कुठे घसरतात

ग्रामीण कृषी मौसम सेवेच्या पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात. इंग्रजी मजकुराचा मराठी अनुवाद होतो, तो पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर जातो. तिथून कुणी चार ओळी कॉपी करून गटावर टाकतो, कुणी त्या गावातल्या फलकासाठी टाइप करून घेतो. या प्रवासात संगणक दोन-तीनदा बदलतो, आणि मजकूर बिघडतो तो बहुधा इथेच. सगळाच मजकूर अगम्य झाला तर फारसे नुकसान नाही, कारण तो कुणी वापरत नाही. काळजी करायची ती अर्धवट बिघडून पुन्हा नीट केलेल्या मजकुराची.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. त्यात 'प' या अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे कोणत्याही फाँटमध्ये तो 'प'च राहतो. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटची पद्धत वेगळी आहे. त्यांत संगणक प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हेच साठवतो, फाँट फक्त त्यांचे चित्र देवनागरीचे दाखवतो. कृतिदेवमध्ये `ik.kh` टाइप केले की पडद्यावर 'पाणी' दिसते. तो फाँट नसलेल्या संगणकावर किंवा मोबाइलवर तेच पुन्हा `ik.kh` होते. श्रीलिपीचा तक्ता आणखी निराळा, म्हणून एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

पीडीएफमध्ये हा दोष लपून राहतो, कारण फाँट फाइलच्या आतच बसवलेला असतो. मोबाइलवर मजकूर स्वच्छ वाचता येतो, पण कॉपी केला की इंग्रजी अक्षरांचा चुरा हाती येतो.

आता मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचा सल्ला घेऊ. इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी, ०.४ ग्रॅम प्रति लिटर पाणी, फवारा पोंग्यात जाईल असा, ही शिफारस बहुतेकांना पाठ आहे. तिचा गाभा कृतिदेवमध्ये टाइप केला आणि पीडीएफमधून कॉपी केला, तर असा दिसतो:

```
bekesfDVu 0-4 xzWe izfr fyVj ik.kh
```

शब्द ओळखू येत नाहीत, पण आकडे ओळखू येतात, आणि खरी गडबड तिथेच आहे. कृतिदेवमध्ये पूर्णविरामाच्या कळीवर अर्धा 'ण्' बसवला आहे (वर 'पाणी'मध्ये तो दिसतोच). दशांश बिंदूसाठी आडव्या रेघेची कळ वापरावी लागते. म्हणजे टाइप करणाऱ्याने पडद्यावर बरोबर ०.४ पाहिले, पण फाइलमध्ये साठले `0-4`. पुढे कुणी हा चुरा समोर ठेवून शब्द हाताने नव्याने टाइप करतो आणि आकडे मात्र 'ते तर ठीकच दिसताहेत' म्हणून तसेच ठेवतो. तयार होते 'इमामेक्टिन 0-4 ग्रॅम प्रति लिटर पाणी'. वाचणारा याचा अर्थ 'शून्य ते चार' असा घेणार, आणि अळी जास्त असेल तर चारकडे जाणार. ही मात्रा दहापट झाली. पंधरा लिटरच्या पंपाला ६ ग्रॅमऐवजी ६० ग्रॅम पडेल. पैसे वाया जातील, चाऱ्यात अवशेष राहण्याचा धोका वाढेल, आणि हाताळणाऱ्याच्या अंगावर जाणारे औषधही तितकेच जास्त असेल.

उलट दिशेनेही घसरण होते. अनुवादकाने मराठी शब्द कृतिदेवमध्ये लिहिले, पण मात्रा मूळ इंग्रजी फाइलमधून जशीच्या तशी, इंग्रजी फाँटमध्येच ठेवली. पुढे सगळा मजकूर परिवर्तकात टाकला. परिवर्तकाला कुठला तुकडा कोणत्या फाँटचा हे कळत नाही, त्याला फक्त चिन्हे दिसतात. तो बिंदूचा 'ण्' करतो आणि निघते `0ण्4`. हे निदान डोळ्यांना खटकते. पण घाईत कुणी मधला 'ण्' नुसता खोडला तर उरते `04`, आणि ते सरळ चार म्हणून वाचले जाते.

परिवर्तकाची आणखी एक खूण ऱ्हस्व इकारात सापडते. कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. साधा परिवर्तक तिला एकच घर पुढे सरकवतो, जोडाक्षर ओलांडत नाही. म्हणून 'स्थिती'चे 'सि्थती' होते आणि 'इमामेक्टिन'चे 'इमामेकि्टन'. अशी वेलांटी मजकुरात दिसली तर तो परिवर्तकातून आला आहे असे समजावे आणि प्रत्येक आकडा मूळ इंग्रजीशी ताडून पाहावा. अशा नावाने शोध घेतला तर औषधाची माहिती सापडणार नाही, हा तोटा वेगळाच.

तपासणी सोपी आहे. वर्डमध्ये शोधाच्या चौकटीत `Use wildcards` सुरू करून हे दोन नमुने एकेक करून शोधा:

```
[0-9]-[0-9]
[0-9]ण्[0-9]
```

पहिल्यात खऱ्या पल्ल्याचे आकडेही येतील, उदाहरणार्थ १० ते १२ दिवसांचे अंतर. म्हणून 'सगळे बदला' असे कधीही करू नये, एकेक पाहावा. आकडे देवनागरीत असतील तर नमुन्यात `0-9` ऐवजी `०-९` लिहावे.

माझ्या मते खरा उपाय अनुवादाच्या टेबलावरच आहे. मात्रा लिटरऐवजी दहा लिटरला लिहावी: ४ ग्रॅम प्रति १० लिटर पाणी. दशांश बिंदूच नसेल तर तो हरवणार नाही. पंपावर मोजायलाही हे सोयीचे पडते, आणि आपल्याकडे अनेक पत्रिका असेच लिहितात. अडीच मिलीसारखी मात्राही दहा लिटरला २५ होते. पल्ला असेल तिथे रेघेऐवजी 'ते' लिहावे. रेमिंग्टनची सवय हातात बसली म्हणून कृतिदेव सोडवत नाही, असे टंकलेखक सांगतात. पण ती कळमांडणी युनिकोडमध्येही मिळते. छपाईच्या दुकानांची अडचण मात्र खरी आहे. जुने पेजमेकर युनिकोड घेतच नाही, म्हणून तिथे जाणारी प्रत वेगळी ठेवावी आणि त्या प्रतीतून परत कॉपी करू नये.

दोन बिघाड दिसायला सारखेच भयंकर, पण जातीने वेगळे आहेत. शेतकऱ्यांच्या यादीची किंवा संदेशांची फाइल एक्सेलमध्ये उघडली आणि 'पाणी'च्या जागी `à¤ªà¤¾à¤£à¥€` आले, तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या तक्त्याने वाचला गेला आहे. फाइल न साठवता बंद करावी. मग एक्सेलच्या `Data` भागातून `From Text/CSV` ने ती घ्यावी आणि `65001: Unicode (UTF-8)` निवडावे. चुरा दिसत असतानाच साठवली तर धोका वाढतो. पाय मोडण्याच्या चिन्हाचा शेवटचा बाइट `8D` आहे, त्याला त्या जुन्या तक्त्यात अक्षरच नाही. काही प्रणाली तो गाळून टाकतात आणि जोडाक्षरे कायमची तुटतात.

प्रश्नचिन्हांची रांग दिसली, `???????? 0.4 ?????`, तर मात्र तो मजकूर गेला. देवनागरी न घेणाऱ्या साच्यात कुणीतरी ती फाइल साठवलेली असते, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले गेलेले असते. कोणताही फाँट टाकला तरी ते परत येत नाही. त्यातले 0.4 बरोबर असले तरी ते कोणत्या औषधाचे, ग्रॅम की मिली, हे आता कळणार नाही. अंदाजाने रिकाम्या जागा न भरता पाठवणाऱ्याकडून मूळ फाइल पुन्हा मागवावी. ती येईपर्यंत डब्यावरच्या लेबलातील मात्रा धरावी.