मत कर्जाला, चुकाऱ्याला नाही

पालघर जिल्ह्यात कापूस पिकत नाही. पण कापसाचे सूत होते, सुताचे कापड होते, आणि त्या कापडाच्या धंद्यातले अनेक कारखाने बोईसरजवळच्या तारापूर एम.आय.डी.सी.त आहेत. तिथला कारखाना बसला की सूतगिरणीची उधारी अडकते, गिरणीची अडकली की जिनिंगवाल्याची, आणि शेवटी आपल्या काटापट्टीवरचा चुकारा. म्हणून तारापूरचा एक दाखला आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

मंधाना इंडस्ट्रीज ही तिथे कारखाने असलेली कापड कंपनी. बँक ऑफ बडोदाच्या अर्जावरून सप्टेंबर २०१७ मध्ये तिच्यावर दिवाळखोरी संहितेखाली कारवाई सुरू झाली. कंपनी विकत घेण्याची पहिली योजना मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मंजूर केली. ती अमलात आली नाही. दुसऱ्या खरेदीदाराची योजना मे २०२१ मध्ये मंजूर झाली. म्हणजे कारवाई सुरू झाल्यापासून साडेतीन वर्षांवर काळ गेला. तोवर माल देणाऱ्याने काय करायचे? थांबायचे.

अशा कारवाईत कंपनीचे भवितव्य न्यायाधीश नव्हे, धनकोंची समिती ठरवते. न्यायाधिकरण फक्त कायदा पाळला की नाही ते पाहते. समितीच्या प्रत्येक सभेचे इतिवृत्त लिहिले जाते आणि ४८ तासांत सभासदांना पाठवले जाते. तुम्हाआम्हाला ते मिळत नाही. पण त्याची रचना ठरलेली असते. आधी दावे, मग मतांचा हिस्सा, मग ठराव. या तीन भागांत आपण कुठे बसतो ते पाहू.

पहिला भाग दाव्यांचा. कारवाई सुरू होताच नेमलेला व्यावसायिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो आणि सगळ्यांकडून दावे मागवतो. कंपनीला कर्ज देणारे ते वित्तीय धनको. माल किंवा सेवा देणारे ते व्यवहारी धनको. आपण दुसऱ्या रांगेतले. दावा किती मागितला आणि किती मान्य झाला, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले जातात, आणि फरक पडतो तो कागदामुळे. बिल, मालपोच, वजनाची पावती, बँकेचा उतारा यातले काही नसेल तर रक्कम कापली जाते. इथे एक अडचण आहे. सूचना छापली जाते ती कंपनीची नोंदणीकृत आणि मुख्य कचेरी जिथे असेल तिथल्या पेपरात. कचेरी मुंबईत असली तर यवतमाळच्या किंवा परभणीच्या शेतकऱ्याच्या नजरेस ती पडेलच असे नाही. धनकोंची यादी मात्र सर्वांना पाहण्यासाठी खुली ठेवावी लागते. आपला दावा मान्य झाला की नाही हे तिथे तपासता येते.

दुसरा भाग मतांचा, आणि खरी मेख इथेच आहे. समजा एका कंपनीवर तीन बँकांचे ५०० कोटी कर्ज आहे. पहिलीचे ३००, दुसरीचे १४०, तिसरीचे ६० कोटी. इतिवृत्तात मते लिहिली जातील ६०, २८ आणि १२ टक्के. सूत आणि कापूस देणाऱ्यांचे ८० कोटी थकले आहेत. ही रक्कम तिसऱ्या बँकेपेक्षा मोठी, पण त्यांची मते शून्य! थकबाकी एकूण कर्जाच्या दहा टक्के असेल तर त्यांचा एक प्रतिनिधी सभेला बसू शकतो. तो बोलू शकतो. मत देऊ शकत नाही.

तिसरा भाग ठरावाचा. योजना मंजूर व्हायला ६६ टक्के मते लागतात. आमच्या उदाहरणात पहिली आणि तिसरी बँक मिळून ७२ टक्के होतात. ठराव मंजूर. दुसरीने विरोध केला तरी तो तिलाही बांधतो, आणि ज्यांना मतच नव्हते त्यांनाही बांधतो.

ही टक्केवारी किती निर्णायक असते ते आलोक इंडस्ट्रीजच्या प्रकरणात दिसले. पालघरला लागून असलेल्या सिल्वासात गिरण्या चालवणारी ही कंपनी. बँकांचे दावे सुमारे २९,५०० कोटींचे, आणि रिलायन्स व जे.एम. फायनान्शियल यांनी मिळून देऊ केले सुमारे ५,०५० कोटी. एप्रिल २०१८ मध्ये मतदान झाले, बाजूने सुमारे ७० टक्के पडले. तेव्हा ७५ टक्के लागत. ठराव फेटाळला गेला. ६ जून २०१८ रोजी वटहुकूम आला आणि अट ६६ टक्क्यांवर आली. त्याच महिन्यात पुन्हा मतदान होऊन सुमारे ७२ टक्क्यांनी तीच योजना मंजूर झाली. बँकांनी रुपयातले ८० पैशांहून अधिक सोडले. त्यांना कोणी कर्जबुडव्यांचे लाड करणारे म्हटले नाही. शेतकऱ्याच्या कर्जमुक्तीचा विषय निघाला की मात्र पतशिस्त धोक्यात येते!

मत नसलेल्याच्या पदरी काय पडते? कायदा म्हणतो, कंपनी मोडीत काढली असती तर त्याला जेवढे मिळाले असते त्याहून कमी देऊ नये. वरच्या उदाहरणातली कंपनी मोडीत १२० कोटींना गेली असे धरा. तारणावर कर्ज देणाऱ्या बँकांचेच ५०० कोटी आहेत. माल देणाऱ्यापर्यंत पोचणारी रक्कम शून्य. म्हणून योजनेत त्याला नाममात्र रक्कम दिली तरी ती कायदेशीर ठरू शकते. एस्सार स्टीलच्या खटल्यात नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सर्व धनकोंना सारखे द्यावे असे बंधन नाही, आणि धंद्याचा हिशेब पाहून समितीने घेतलेल्या निर्णयात न्यायालयाने आपले मत घालू नये.

आता आपल्या दारातला प्रश्न. ही सगळी कारवाई कंपनीची. पट्टीवर व्यापाऱ्याच्या नावापुढे प्रा. लि. किंवा लि. नसेल, तो एकटा किंवा भागीदारीत धंदा करत असेल, तर धनकोंची ही समिती तुमच्यासाठी बसतच नाही. वसुलीला दिवाणी कोर्ट आणि बाजार समिती एवढेच राहते. व्यक्तींच्या कर्जासाठी संहितेत वेगळा भाग लिहिलेला आहे, पण तो लागू केला आहे फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना, १ डिसेंबर २०१९ पासून. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला अशी सभा नाही, इतिवृत्त नाही, तडजोडीचा ठराव नाही. त्याला जप्तीची नोटीस.

माल उधार देताना एवढे ध्यानात ठेवावे: पट्टीवर कंपनीचे पूर्ण नाव, वजन, भाव आणि तारीख घ्यावी, आणि शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीने गाठी विकताना प्रत्येक बिलाची पोच सही-शिक्क्यानिशी घ्यावी. त्याने मत मिळणार नाही, पण दावा तरी उभा राहील.

मत मिळवण्याचे काम चळवळीचे. कामगारांच्या २४ महिन्यांच्या थकीत पगाराला कायद्याने तारणधारक बँकांच्या बरोबरीची जागा दिली आहे, आणि ती योग्यच आहे. मग घाम गाळूनच पिकवलेल्या मालाचा चुकारा रांगेत इतका मागे का? शेतमालाच्या थकीत चुकाऱ्याला तीच जागा द्या, आणि दाव्यांची सूचना कंपनी जिथून माल घेते त्या जिल्ह्यांतही छापा, या दोन मागण्यांचा ठराव जिल्हा बैठकीत मांडावा असे आम्ही सुचवतो. आपल्या इतिवृत्तात तरी प्रत्येक हाताला एक मत असते.