आपल्यातच कागद कसला?

मी घरून ग्राफिक डिझाइनची कामे घेते. दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका रेस्टॉरंटचा लोगो व मेन्यूकार्ड १२०० डॉलर्सना ठरवले. निम्मे आगाऊ, उरलेले "पसंत पडल्यावर". आधी मालक, मग त्यांच्या सौभाग्यवती, मग भागीदार, असे अकरा वेळा बदल झाले. मध्येच "जाता जाता" म्हणून दुकानाची पाटीही आली. उरलेले पैसे यायला सात महिने लागले, कारण पसंतीला तारीखच नव्हती!

माझ्या मते चूक माझीच. आता मी लिहून घेते: दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, आणि एक फेरी म्हणजे सगळ्यांच्या सूचना गोळा करून एकाच व्यक्तीने पाठवलेली लेखी यादी. त्यापुढे तासाला ५० डॉलर्स. पाटीसारख्या नव्या कामाचा भाव वेगळा, तो मान्य झाल्यावरच सुरुवात. निम्मे पैसे आधी, पाव पहिला मसुदा दाखवल्यावर, उरलेले छपाईच्या फाइल्स हातात देण्यापूर्वी. दहा दिवसांत उत्तर आले नाही तर मसुदा मान्य समजायचा.

परवा एका मावशींनी विचारलेच, "अगं, आपल्यातच कागद कसला?" म्हटले, "मावशी, परक्याकडे पैसे मागता येतात, तुमच्यापुढे जीभ रेटत नाही." त्यांनी सही केली, पण दोनाच्या तीन फेऱ्या करून घेतल्या.