जर्मनीतील भाडेकराराच्या प्रशिक्षणाबाबत निवेदन (चौथे)

प्रति,
मा. संचालक,
परदेशी रोजगारपूर्व प्रशिक्षण केंद्र

विषय : जर्मनीत जाणाऱ्या उमेदवारांना अनामत, नोटीस व दुरुस्ती यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळण्याबाबत.
संदर्भ : आमची दि. १४ जून, ९ सप्टेंबर व २ डिसेंबरची पत्रे (तिन्ही अनुत्तरित).

महोदय,

आपल्या केंद्रातून स्टुटगार्ट परिसरात आलेल्या परिचारिका व इलेक्ट्रिशियन यांच्या वतीने हे निवेदन सादर करीत आहोत. इथला भाडेकायदा आपणास ठाऊकच आहे. तो आमच्या सभासदांना इथे आल्यावर, पैसे गेल्यावर कळतो, एवढीच आमची तक्रार आहे. गेल्या वर्षी आपण भेटीत ‘पुढच्या तुकडीपासून भाडेकरारासाठी स्वतंत्र तासिका ठेवू’ असे सांगितले होते. पुढच्या तुकडीला ‘करार नीट वाचून सही करावी’ एवढे एक वाक्य मिळाले. करार जर्मन भाषेत बारा पानांचा होता.

सर्वांत जास्त नुकसान अनामतीत होते. सांगलीहून आलेल्या आमच्या एका भगिनीचे मूळ भाडे, म्हणजे हीटिंग व इतर खर्च सोडून, ६२० युरो होते. कायद्याने कमाल तीन मूळ भाडी घेता येतात, त्याप्रमाणे घरमालकाने १,८६० युरो मागितले आणि तिने गावच्या पतसंस्थेतून कर्ज काढून ते एकरकमी भरले. ही रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना आणि उरलेले दोन पुढच्या दोन भाड्यांबरोबर देता आले असते. हे तिला कोणी सांगितले असते, तर कर्ज ६२० युरोंचेच काढावे लागले असते.

खरा घाव घर सोडताना बसला. घर ताब्यात घेतले तेव्हा भिंती पिवळट होत्या. आधीच्या भाडेकरूचे कपाट होते तिथे फिकट चौकोन उमटला होता आणि पलंगाच्या डोक्याशी खिळ्यांची सात भोके होती. ताबा-नोंदीच्या कागदावर मात्र ‘ओने मेंगेल’, म्हणजे ‘दोष नाहीत’, असे छापलेले होते. रीतीचा मजकूर समजून तिने खाली सही केली. दोन वर्षांनी घरमालकाने करारातील रंगकामाच्या अटीवर बोट ठेवून ७४० युरो कापले आणि १,१२० परत दिले. घर रंगकाम न करता दिले असेल आणि त्याची वाजवी भरपाईही दिली नसेल, तर अशी अट टिकत नाही, असा जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा २०१५ चा निर्णय आहे. पण घर मुळात तसे होते हे सिद्ध करायचे भाडेकरूने. भाडेकरू संघाच्या वकिलाने तो कागद पाहिला आणि तिच्यापुढे परत सरकवला. त्या भिंतींचे चार फोटो आणि त्या कागदावर हाताने लिहिलेल्या दोन ओळी असत्या, तर पारडे फिरले असते.

नोटिशीचेही तसेच. दुसऱ्या एका सभासदाने १ मार्चला ई-मेलने घर सोडत असल्याचे कळवले. मे अखेर सुटका होईल असा त्याचा हिशेब होता. नोटीस कागदावर, हाताने सही केलेली लागते. ई-मेल चालत नाही. हे कळून त्याने पत्र पाठवले, ते २२ मार्चला पोहोचले. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पत्र पोहोचले नाही, तर तो महिना मोजणीत धरत नाहीत. त्यामुळे करार जूनअखेर संपला आणि जूनमध्ये दोन घरांचे भाडे भरावे लागले. नोटिशीच्या पत्राचा नमुना देऊ, असे आपल्या कार्यालयाने फोनवर दोनदा सांगितले होते.

आमच्या मागण्या :

१. ताबा-नोंदीचा रिकामा नमुना मराठी व जर्मनमध्ये द्यावा आणि वर्गात एखादी खोली दाखवून तो प्रत्येकाकडून भरून घ्यावा. भिंती, नळ, खिडक्या, किल्ल्यांची संख्या आणि मीटरचे आकडे त्यात असावेत. सही करण्यापूर्वी दोष लिहायचे, ही सवय तिथेच लागली पाहिजे.

२. अनामतीचे हप्ते मागण्याचे आणि नोटिशीचे, अशी दोन पत्रे जर्मनमध्ये तयार करून द्यावीत.

३. किरकोळ दुरुस्तीची अट समजावावी. ती नळ, खिडकीची मूठ अशा रोज हाताळायच्या वस्तूंपुरती असते. बिल करारातील मर्यादेपुढे गेले, तर सगळेच घरमालकाचे.

४. भाडेकरू संघाचे सभासदत्व आल्याआल्या घ्यावे, असे सांगावे.

यांपैकी एकाही मागणीला निधी लागत नाही. दोन तास आणि काही झेरॉक्स लागतात. पुढची तुकडी निघण्यापूर्वी, या वेळी तरी लेखी उत्तर मिळावे. तोंडी आश्वासन आम्ही यापुढे उत्तर म्हणून धरणार नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
सचिव, स्थलांतरित कर्मचारी कृती समिती

सोबत : आधीच्या तिन्ही पत्रांच्या प्रती.