छडीच्या जागी काय?



बारामतीच्या बाजारपेठेतील एखादे व्यापारी गृहस्थ जूनमध्ये मुलाला शाळेत सोडायला जातात, तेव्हा शिक्षकांना हमखास सांगतात, ‘‘सर, अभ्यास केला नाही तर दोन ठेवून द्या, आमची काही तक्रार नाही.’’ या बोलण्यात शिक्षकांविषयीचा विश्वास असतो. परंतु हेच गृहस्थ रोज सकाळी मंदिरात जातात, चातुर्मासात कंदमूळ वर्ज्य करतात आणि संवत्सरीला लहानथोरांची क्षमा मागतात. अहिंसेची ही व्याप्ती शाळेच्या फाटकापाशीच का थांबावी, असा प्रश्न यातून उभा राहतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बांधून किंवा कोंडून ठेवणे, मारणे, अवयवाला इजा करणे, झेपणार नाही एवढा भार लादणे आणि अन्नपाण्यापासून वंचित ठेवणे, असे ते पाच. आपल्या पाठशाळेतील मुलांना ते तोंडपाठ असतात. आता ही यादी वर्गाकडे पाहत वाचावी. छडी हा दुसरा अतिचार झाला. शाळा सुटल्यावर डांबून ठेवणे हा पहिला, एकच वाक्य शंभर वेळा लिहायला लावणे हा चौथा आणि मधल्या सुट्टीत डबा खाऊ न देणे हा पाचवा. छडी टाकून देणारी शाळा पुष्कळदा उरलेल्या अतिचारांचा आश्रय घेते आणि आपण शिक्षा बंद केली असे मानते.

कायदाही जवळजवळ हेच सांगतो. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. बाकावर उभे करणे, गुडघे टेकवून बसवणे, कोंडून ठेवणे आणि टोमणे मारणे हे सारे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने शिक्षेतच मोजले आहे. मुख्यत्वे धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना मात्र हा कायदा लागू नाही. म्हणजे आपल्या पाठशाळा त्याच्या कक्षेबाहेर राहतात. बालकांवरील क्रूरतेविरुद्धचे अन्य कायदे तेथेही आहेतच, पण आपल्यावर त्याहून जुने बंधन व्रताचे आहे.

मग छडीच्या जागी काय ठेवावे? त्याआधी छडी नेमके काय करते, ते व्यापाऱ्याच्या भाषेत पाहू. गृहपाठ केला नाही म्हणून दोन छड्या बसल्या, की मुलाच्या दृष्टीने हिशेब मिटतो. गृहपाठ मात्र तसाच राहतो. बाकी वसूल न करता खाते बंद करण्यासारखाच हा व्यवहार आहे. म्हणून पर्याय निवडताना कसोटी एकच ठेवावी: चूक ज्या कामात झाली, ते काम शेवटी पूर्ण झाले का?

एक उदाहरण घेऊ. समजा, सातवीतील एका मुलाने सरळव्याजाची दहा गणिते आठवड्यात तिसऱ्यांदा केली नाहीत. शिक्षकांनी वर्गासमोर काही बोलू नये. इतर मुले वहीत लिहीत असताना त्याला जवळ बोलवावे आणि ‘‘का केले नाहीस?’’ असे विचारण्याऐवजी ‘‘कुठे अडते, ते दाखव,’’ असे म्हणावे. ‘का’ या प्रश्नाने मूल सबब शोधू लागते. ‘कुठे’ म्हटले, की ते वही उघडते.

गणित असे आहे: सहा हजार रुपयांवर दसादशे दहा दराने आठ महिन्यांचे व्याज किती? मुलगा उत्तर काढतो 4,800 रुपये. महिन्यांची वर्षे करायला तो विसरला आहे. चूक लगेच न सांगता शिक्षकांनी एवढेच विचारावे, ‘‘सहा हजार उसने घेऊन आठ महिन्यांत एवढे व्याज तुझे वडील देतील का?’’ दुकानात वाढलेले मूल येथे हसते आणि स्वतःच चूक शोधते. आठ महिने म्हणजे वर्षाचे बारापैकी आठ भाग, म्हणून व्याज 400 रुपये.

आता दहा गणितांचा आग्रह सोडून तीन द्यावीत आणि ती केव्हा करणार, हे त्यानेच सांगावे. सायंकाळी सहापासून रात्री दुकान बंद होईपर्यंत तो गल्ल्यापाशी बसत असेल, तर गृहपाठाला वेळच नाही. ही गोष्ट छडीने कधीच कळली नसती. दुकानात जाण्यापूर्वीची वीस मिनिटे त्याने ठरवली, तर दुसऱ्या दिवशी ती तीन गणिते न विसरता तपासावीत. ही पद्धत बहुतेक ठिकाणी फसते ती याच पायरीवर. शिक्षक तपासायला विसरले, की मूल समजते, हेही बोलण्यापुरतेच होते. त्यानंतरही काम झाले नाही, तर पालकांना भेटावे. मात्र तक्रार करण्यासाठी नव्हे, तर मुलाचा दिवस कसा जातो हे समजून घेण्यासाठी.

इंदापूरच्या बाजूला प्रश्न वेगळा असतो. गाळपाच्या हंगामात उसाच्या गाड्यांनी रस्ते अडतात, एसटीला उशीर होतो आणि वाड्यावस्त्यांवरची मुले तास सुरू झाल्यावर पोहोचतात. उशिरा आलेल्याला दाराबाहेर उभे केले, तर चुकलेल्या दहा मिनिटांत आणखी तीस मिनिटांची भर पडते. त्याने खुणेने परवानगी घेऊन शांतपणे आत यावे आणि चुकलेला भाग शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यावा, एवढा नियम पुरतो.

साठ मुलांच्या वर्गातील गोंगाटावर एकेकाशी बोलून उपाय होत नाही, हे मान्यच आहे. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ मांडतो आणि तो साफ फसतो, मुले हसतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो आणि वर्ग आपोआप ऐकू लागतो. यातून घेण्यासारखी गोष्ट अशी, की शांतता मागून मिळत नाही. ऐकण्याजोगे काही सुरू झाले की ती येते. तासाची पहिली पाच मिनिटे चालू गोष्टीच्या पुढच्या भागासाठी राखावीत. पुढे गोंगाट झालाच, तर हात वर करून गप्प उभे राहावे. या खुणेचा अर्थ जूनमध्येच मुलांशी ठरवलेला असावा. पहिल्या आठवड्यात वाट पाहावी लागते आणि आवाज चढवण्याचा मोह होतो. तो चढवला, की खूण निकामी होते.

मारामारी झाली, तर आधी मुलांना वेगळे करावे. त्यासाठी हात धरणे ही शिक्षा नव्हे. राग ओसरल्यावर एकाने घडलेले सांगावे, दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत पुन्हा सांगावे, मग उलट. फाटलेली वही कोण चिकटवणार, हे त्यांनीच ठरवावे. आपल्या परंपरेत प्रायश्चित्ताचा आरंभ आलोचनेने, म्हणजे गुरूंजवळ आपला दोष आपणच सांगण्याने होतो. ती आलोचना एकांतातली असते. म्हणून सर्वांसमोर माफी मागायला लावणे हा तिचा विपर्यास होय.

हे सारे साधते आहे की नाही, ते महिन्याभरात दिसते. मुले एकमेकांच्या वह्यांवरून गृहपाठ उतरवू लागली, तर वर्गात भीती अजून आहे असे समजावे. ‘‘सर, मला हे समजले नाही,’’ असे एखादा मुलगा आपणहून म्हणू लागला, तर ती गेली.

पुढच्या जूनमध्ये शाळेच्या फाटकापाशी आपले वाक्य बदलून पाहावे: ‘‘सर, अभ्यास झाला नाही तर आम्हाला कळवा. दुकानात बसण्याची त्याची वेळ आम्ही बदलू.’’