भाव चढला खरा, पण माल किती खपला?

बंगळूरजवळच्या येलहंक्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. यजमान तिथल्या रेल व्हील फॅक्टरीतून निवृत्त झालेले, मुले मार्गाला लागलेली. दुपारचा मोकळा वेळ त्या शेअर बाजाराच्या अभ्यासात घालवतात. चौकटीच्या वहीत रोजचा बंद भाव मांडून स्वतःच्या हाताने आलेख काढतात. येलहंक्याच्या विमानतळावर १९९६ पासून दर दोन वर्षांनी ‘एअरो इंडिया’ भरते, हे आपल्याला ठाऊक असेलच. त्या आठवड्यात सामंजस्य करारांच्या बातम्यांचा पाऊस पडतो, आणि संरक्षण क्षेत्राला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कंपन्यांचे शेअर उसळतात. भगिनी लिहितात, ‘महिनोन् महिने जी पातळी ओलांडता आली नव्हती, ती भाव एका दिवसात ओलांडतो. आलेखात ब्रेकआउट अगदी स्पष्ट दिसतो. आणि पंधरा दिवसांत भाव पुन्हा होता तिथे येऊन बसतो. माझे काय चुकते?’

आलेख बरोबर आहे. पण वहीत भावाचा रकाना आहे, त्या भावाला किती शेअर विकले गेले याचा रकानाच नाही. बाजाराच्या भाषेत त्याला व्हॉल्यूम म्हणतात. दिवसभरात हातबदल झालेल्या शेअर्सची संख्या म्हणजे व्हॉल्यूम. शंभर शेअर एकाने विकले आणि दुसऱ्याने घेतले, तर व्हॉल्यूम शंभर धरतात, दोनशे नव्हे.

वाशीच्या बाजारात हापूसची पहिली पेटी येते तेव्हा तिला केवढा तरी भाव मिळतो. वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. म्हणून यंदा आंबा त्या भावाने विकला जाणार, असे कोणी गृहिणी मानत नाही. तो एका पेटीचा भाव असतो. खरा भाव कळतो तो रोज हजारो पेट्या उतरू लागल्यावर. शेअरच्या बाबतीत मात्र ही साधी व्यवहारबुद्धी आपण घरी ठेवून जातो.

आता ती ‘न ओलांडता येणारी पातळी’ येते कुठून ते पाहू. पुढचे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, एक शेअर चार महिने १०० ते १२० रुपयांत फिरतो आहे. तीनदा तो १२०ला गेला आणि परत फिरला. त्या तिन्ही वेळी ज्यांनी ११८-१२०ला खरेदी केली, ते अडकून पडले. ते रोज मनाशी म्हणतात, ‘माझे पैसे परत मिळू देत, मी बाहेर पडतो.’ भाव पुन्हा १२०पाशी आला की हे सगळे विकायला उभे राहतात. पातळी म्हणतात ती हीच, अडकलेल्या लोकांची रांग. भावाला १२०च्या वर टिकायचे असेल, तर या रांगेतला माल कोणीतरी विकत घेऊन संपवला पाहिजे. माल संपला म्हणजे शेअर हातबदल झाले, आणि हातबदल झाले म्हणजे व्हॉल्यूम वाढलाच पाहिजे. म्हणून ब्रेकआउटच्या दिवशी मोठा व्हॉल्यूम दिसणे हा काही शुभशकुन नव्हे. रांग संपल्याची ती पावती आहे.

पावती नसताना भाव वर गेला तर? मग रांग तशीच आहे; त्या दिवशी ती पुरती उभी राहिली नव्हती एवढेच. हे कसे घडते ते दलालाच्या पडद्यावर पाहता येते. तिथे खरेदीच्या आणि विक्रीच्या सर्वांत जवळच्या पाच-पाच किमती दिसतात. समजा विक्रीच्या बाजूला ११९.५० रुपयांना ३०० शेअर, १२०.२०ला २००, १२१.५०ला १५० आणि १२३ला ४०० शेअर लागले आहेत. एक गृहस्थ येतो आणि ‘मिळेल त्या भावाने हजार शेअर घ्या’ असे सांगतो. पहिल्या तिन्ही पायऱ्यांवरचे ६५० शेअर संपतात, उरलेले ३५० त्याला १२३ने मिळतात. त्याचे खर्च झाले सुमारे १ लाख २१ हजार रुपये. तेवढ्यात चार महिन्यांची भिंत कोसळल्याचे चित्र सगळ्यांच्या आलेखावर उमटले! कदाचित त्याच्या मनात काही काळेबेरे नसेलही, पण आलेखाला ते कळत नाही.

पुढचे दृश्य आपल्या ओळखीचे आहे. ब्रेकआउट पाहून आणखी काहीजण १२४-१२५ला घेतात. ११८ला अडकलेल्यांना ही बातमी दोन दिवसांनी कळते, आणि ते आनंदाने विकायला येतात. नवे ग्राहक संपलेले असतात. भाव १२०च्या खाली घसरतो आणि १२५ला घेणारे त्या जुन्याच रांगेत जाऊन उभे राहतात.

मग किती व्हॉल्यूम पुरेसा म्हणायचा? शेअरची तुलना त्याच्या स्वतःच्या सवयीशी करावी, दुसऱ्या शेअरशी नव्हे. मागच्या वीस दिवसांच्या व्हॉल्यूमची सरासरी काढा. आपल्या उदाहरणात ती रोज ४० हजार शेअर आहे असे धरू. भाव १२०च्या वर बंद झाला त्या दिवशी व्हॉल्यूम २२ हजार असेल, तर नेहमीपेक्षाही कमी लोक त्या भावाला तयार होते. तोच १ लाख १० हजार असेल, तर पावणेतीन पट झाला. रांगेतला बराच माल खपला असे मानायला जागा आहे. सरासरीच्या दीडपट ते दुप्पट हा अनुभवातून आलेला ठोकताळा आहे, शास्त्राचा नियम नव्हे. दिवस संपल्याशिवाय मात्र ही तुलना करू नये. सकाळी अकराचा आकडा पूर्ण दिवसाच्या सरासरीशी ताडून ‘व्हॉल्यूम नाही’ म्हणणे चुकीचे. शिवाय शेअर मुंबई आणि राष्ट्रीय अशा दोन्ही शेअर बाजारांत असेल तर दोन्हीकडचे आकडे एकत्र पाहावेत.

पुढचे चार-सहा दिवसही बोलके असतात. खऱ्या ब्रेकआउटनंतर भाव बरेचदा १२०-१२१पर्यंत मागे येतो, पण त्या घसरणीत व्हॉल्यूम आटतो, म्हणजे विकणारे फारसे उरलेले नसतात. चढताना २२ हजार आणि उतरताना ७० हजार असे दिसले, तर निकाल लागलाच असे समजा. १२०च्या खाली बंद झाल्यावर वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

बंगळूर परिसरातल्याच दोन कंपन्या घेऊन आणखी एक गोष्ट सांगतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे एकूण शेअर आहेत सुमारे ७३१ कोटी. त्यातले सुमारे ५१ टक्के सरकारकडे आहेत, म्हणजे साडेतीनशे कोटींहून अधिक बाहेर. दुसरी फेडरल-मोगल गोएत्झे. हिचा पिस्टन आणि रिंगांचा कारखाना येलहंक्यातच आहे. हिचे एकूण शेअर साडेपाच कोटींच्या आसपास, आणि सुमारे तीन-चतुर्थांश वर्षानुवर्षे प्रवर्तकांकडे. लोकांच्या हाती उरतात सुमारे १ कोटी ४० लाख. यात कंपनीचा काही दोष नाही. पण असा शेअर हलवायला थोडी मागणी पुरते, आणि तो विकायचा झाला तर ग्राहकही थोडेच असतात. प्रवर्तकांचा वाटा मोठा आणि एकूण शेअर कमी असतील, तर मी ब्रेकआउटच्या दिवशी दुपटीवर समाधान मानत नाही, वाढलेला व्हॉल्यूम दोन-तीन दिवस टिकलेला पाहतो.

भारत इलेक्ट्रॉनिक्सवरून आठवले. या कंपनीने सप्टेंबर २०२२मध्ये एका शेअरला दोन बोनस दिले आणि शेअर तिप्पट झाले. अशा वेळी रोजची संख्या आपोआप फुगते. जुन्या वहीतले आकडे तिपटीने वाढवून मगच तुलना करावी, नाहीतर साधा दिवसही मोठ्या खरेदीचा वाटेल.

आता व्हॉल्यूमवरही आंधळा विश्वास नको, कारण तो बनवता येतो. चारजणांनी आपापसांत तेच शेअर फिरवले तरी आकडा वाढतो. केतन पारेख प्रकरणात अशा चक्राकार व्यवहारांची बरीच चर्चा झाली, आणि सेबीने डिसेंबर २००३मध्ये त्यांना १४ वर्षांसाठी बाजाराबाहेर ठेवले. सामान्य माणसाने दोन गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे डिलिव्हरीचे प्रमाण. एक लाख शेअरच्या उलाढालीत प्रत्यक्ष घरी नेले ते किती, हा आकडा शेअर बाजार रोज प्रसिद्ध करतात. दहा-पंधरा टक्केच असेल तर बहुतेकांनी सकाळी घेऊन दुपारी विकले. (हातमिळवणी केलेली मंडळी डिलिव्हरीही घेऊ शकतात, तेव्हा हा पुरावाही अर्धाच.) दुसरे म्हणजे ‘बल्क डील’ची यादी. कंपनीच्या एकूण शेअर्सपैकी अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअर एकाच ग्राहकाने घेतले किंवा विकले तर त्याचे नाव तिथे येते. एका मोठ्या हातातून दुसऱ्या मोठ्या हातात गठ्ठा गेला, तर व्हॉल्यूम प्रचंड दिसेल. पण त्यामुळे गावभर मागणी उसळली असे होत नाही.

शेअर वरच्या सर्किटला लागला की निराळाच पेच. पाच टक्क्यांची मर्यादा गाठली, विकायला कोणीच नाही, दिवसभरात जेमतेम हजार शेअरचा व्यवहार. इथे व्हॉल्यूम कमी असण्याचे कारण विक्रेता नसणे हे आहे. मागणी खरी असू शकते, पण हाती शेअर पडत नाही. आणि भाव उलटला की हाच शेअर खालच्या सर्किटला लागतो. मग विकायला सगळे आणि घ्यायला कोणी नाही.

दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांनाही हेच लागू. तासाभराचा बाजार, शकुनाचे दहा-वीस शेअर घेणारे लोक. त्या दिवशी ओलांडलेली पातळी वहीत पेन्सिलीने मांडावी.

हा सगळा हिशेब वर जाणाऱ्या भावाचा झाला. खाली येताना तो लागू होत नाही, आणि इथेच बरेचजण फसतात. १०० रुपयांचा आधार कमी व्हॉल्यूमवर तुटला, तर ‘व्हॉल्यूम नाही, म्हणजे घसरण खोटी’ असे म्हणून ते शेअर धरून ठेवतात. चढायला पैसे घेऊन ग्राहक यावा लागतो. पडायला ग्राहक न येणे एवढेच पुरते. रॉबर्ट एडवर्ड्स आणि जॉन मॅगी या दोघा अमेरिकनांनी १९४८ साली आलेखांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही हा भेद मांडला आहे. तेव्हा खरेदीसाठी पावती जरूर मागा. १००च्या खाली बंद झालेला शेअर विकायला पावतीची वाट पाहू नका.